जो रस्ता आपला नाही, त्याचे पैसे किती?

तुम्ही विचारलंत: “आम्ही चौघे मित्र एकाच गाडीने जातो, पण प्रत्येक जण वेगळ्या गावाहून बसतो. मग पेट्रोल आणि टोल कसा वाटायचा?”

मुंबईहून कोल्हापूरला आम्ही वर्षातून तीन-चार वेळा असेच जातो. दादरहून मी आणि एक मित्र निघतो, माझीच गाडी असते. तिसरा पुण्याला आणि चौथा साताऱ्याला बसतो. सुरुवातीला आम्ही एकूण खर्चाला सरळ चाराने भागत होतो. दोन खेपांनंतर साताऱ्याचा मित्र म्हणाला की, यापेक्षा तो एसटीने येईल. त्याचे म्हणणे अगदी रास्त होते आणि त्यानंतरच आम्ही हिशोब टप्प्याटप्प्याने मांडू लागलो.

नियम एवढाच आहे: जिथे कोणी नवा माणूस बसतो, तिथे टप्पा संपतो, आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च त्या टप्प्यात गाडीत असलेल्यांनीच समान वाटून घ्यायचा. आमच्या मार्गाचे अंतर ढोबळमानाने दादर ते पुणे १५०, पुणे ते सातारा ११५ आणि सातारा ते कोल्हापूर १२५ किलोमीटर धरू. इंधनाला किलोमीटरमागे ७ रुपये पडले, तर तीन टप्प्यांचे इंधन १०५०, ८०५ आणि ८७५ रुपयांचे होते. पहिल्या टप्प्यात द्रुतगती मार्गाचा टोल ३२० रुपये धरू, दुसऱ्यात खेड-शिवापूर आणि आनेवाडी मिळून २००, तर तिसऱ्यात तासवडे आणि किणी मिळून १६५. यातले टोलचे आकडे सोयीसाठी घेतले आहेत, कारण दर बदलत असतात; प्रत्यक्षात फास्टॅगच्या संदेशात नाक्याचे नाव आणि कापलेली रक्कम येते, तीच धरावी.

आता पहिल्या टप्प्याचे १३७० रुपये दोघांत, दुसऱ्याचे १००५ तिघांत आणि तिसऱ्याचे १०४० चौघांत वाटले, तर दरडोई ६८५, ३३५ आणि २६० येतात. म्हणजे दादरच्या आम्हा दोघांचे प्रत्येकी १२८०, पुण्याच्या मित्राचे ५९५ आणि साताऱ्याच्या मित्राचे २६० रुपये. बेरीज ३४१५ होते आणि एकूण खर्चही तेवढाच आहे.

यावर पुष्कळ जण सुचवतात की, ज्याने जितके किलोमीटर प्रवास केला, त्या प्रमाणात पैसे घ्यावेत. वरवर ते न्याय्य वाटते, पण तसे केल्यास साताऱ्याच्या मित्राच्या वाट्याला सुमारे ३७३ रुपये येतात. त्याच्या टप्प्याचा चौथा हिस्सा २६० असताना वरचे ११३ रुपये कशाचे? गाडी त्याच्याविना, कमी माणसांनिशी, जो रस्ता चालून आली त्याचे, आणि त्यात तो ज्या नाक्यावरून गेलाच नाही त्या द्रुतगती मार्गाच्या टोलचाही भाग आला. दुसरीकडे, आम्हा दादरवाल्यांवर अन्याय होतो असेही नाही, कारण ते दोघे आले नसते तर आम्हाला प्रत्येकी १७०७ रुपये ५० पैसे पडले असते.

ही पद्धत आमच्याच डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकन गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये सामाईक लाभाची वाटणी करण्याची एक रीत मांडली होती. पुढे १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन या अभ्यासकांनी दाखवले की, लहान-मोठ्या विमानांमध्ये धावपट्टीचा खर्च या रीतीने वाटला, तर धावपट्टीच्या प्रत्येक तुकड्याचा खर्च तो तुकडा लागणाऱ्यांतच समान वाटला जातो. सगळ्यांना कोल्हापूरलाच उतरायचे असल्याने आमचा रस्ता त्या धावपट्टीसारखाच आहे.

वाद होतात ते वळशावरून. पुण्याचा मित्र वाकडला किंवा चांदणी चौकात महामार्गावर येऊन उभा राहिला, तर प्रश्नच नाही. पण त्याला घरून घ्यायला गाडी २० किलोमीटर जास्त फिरली, तर ते १४० रुपये त्याचे एकट्याचे. हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, कारण नंतर सांगितलेले कुरकुरीसारखे ऐकू येते.

किलोमीटरचा दर काढताना कंपनीने सांगितलेल्या अॅव्हरेजवर विसंबू नये. निघताना टाकी पूर्ण भरावी, पोहोचल्यावर पुन्हा पूर्ण भरावी आणि दुसऱ्या भरण्याची रक्कम मीटरवरच्या अंतराने भागावी. बोरघाटात आणि खंबाटकीत गाडी जास्त पिते हे खरे, पण तेवढा फरक टप्प्यांत वेगळा काढत बसू नये.

एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना टोलचा वार्षिक पास मिळतो; सुरू झाला तेव्हा तो ३००० रुपयांत २०० फेऱ्यांचा, म्हणजे एक नाका ओलांडायला १५ रुपयांचा, होता. तो राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांवर चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र चालत नाही. गाडीमालकाकडे असा पास असेल, तर पुण्यापुढच्या प्रत्येक नाक्याला पासच्या फेरीमागे पडणारी रक्कमच धरावी असे माझे ठाम मत आहे, कारण सगळ्या फेऱ्या वापरल्या तर तेवढाच खर्च त्याला खरोखर येतो. मी ३००० रुपयांचा पास घेतल्यापासून वरच्या हिशोबात साताऱ्याच्या मित्राच्या टप्प्याचा टोल १६५ वरून ३० रुपयांवर आला आणि त्याचा वाटा २६० ऐवजी सुमारे २२६ रुपये झाला.