कप्पा चांगला आला आणि थीम चुकली

मागच्या जानेवारीतली गोष्ट आहे. आमचा विषय होता, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची पोरं इथल्या शाळेत का टिकत नाहीत. वाळवा तालुक्यातल्या एका अड्ड्यावर आम्ही काम करत होतो, म्हणजे रानात वीसेक कोप्या, बीडकडच्या दोन टोळ्या, आणि जवळची शाळा चालत अर्ध्या तासावर. मी आणि माझी एक सहकारी मिळून 11 आयांच्या मुलाखती घेतल्या, 6 शिक्षकांशी बोललो आणि शाळेत आणि अड्ड्यावर मिळून आठ दिवस नुसतं बसून बघितलं. रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढायला तीन आठवडे गेले. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात, त्यात मराठवाड्याची बोली, मागं बैलांच्या घंटा आणि कुणीतरी भाकरी थापतंय तो आवाज.

मग कोडिंग. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मजकुराचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला त्यात काय चाललंय त्याचं नाव द्यायचं आणि नंतर ती नावं एकमेकांशी ताडून बघत त्यातून मोठा अर्थ, म्हणजे थीम, उभी करायची. आमच्या कोडांमध्ये एक होता "शिक्षणाबद्दल अनास्था". "काय करायचंय शिकून", "शेवटी कोयताच हातात यायचाय", "बघू पुढच्या साली" असली वाक्यं सगळी त्यात पडत होती आणि शिक्षकही तेच सांगत होते, पालकांनाच काही पडलेलं नाही. दोन्हीकडून एकच येतंय म्हणल्यावर आम्हाला वाटलं ट्रायंग्युलेशन झालं, थीम पक्की.

पक्की आहे हे दाखवायला आम्ही कप्पा काढला, म्हणजे दोघींचं कोडिंग योगायोग वगळून किती जुळतं त्याचा आकडा. 100 तुकडे दोघींनी एकमेकींचं न बघता तपासले. 30 तुकड्यांवर दोघी म्हणालो अनास्था आहे, 60 वर दोघी म्हणालो नाही, आणि 10 वर आमचं जुळलं नाही, पाच तिचे पाच माझे. म्हणजे 90 टक्के जुळलं. पण डोळे झाकून खुणा केल्या तरी काही तुकडे जुळणारच, तेवढं वजा करावं लागतं. दोघींनीही 35 तुकड्यांना "आहे" म्हणलेलं, म्हणून निव्वळ योगायोगाने जुळायचं प्रमाण 0.35 चा वर्ग अधिक 0.65 चा वर्ग, 0.545. कप्पा म्हणजे (0.90 − 0.545) ÷ (1 − 0.545), साधारण 0.78. हा आकडा चांगला धरतात. आम्ही खूश, त्या संध्याकाळी दोघींनी भडंग खाल्ली आणि प्रकरणाचं शीर्षकपण ठरवून टाकलं.

मॅडम (आमच्या गाईड) म्हणाल्या, जा आणि त्या बायांना हे दाखवून या. मेंबर चेकिंग. मला खरं तर कंटाळा आला होता, पण गेले.

पहिल्या तीन कोप्यांत मी आमचे निष्कर्ष वाचून दाखवले आणि तिघी म्हणाल्या, "हां ताई, बरोबर लिवलंय." आता मला कळतं की त्या होकाराला काही किंमत नव्हती. वही-पेन घेऊन शहरातून आलेल्या बाईला कोण कशाला म्हणेल की तुझं चुकलंय. मेंबर चेकचा हा मोठा घोळ आहे, लोक आपलं मन राखतात आणि आपण त्याची टिकमार्क करून घेतो.

चौथ्या कोपीत निष्कर्ष न वाचता मी त्या बाईचंच वाक्य वाचलं. "काय करायचंय पोरीला शिकून, कोयताच धरायचाय." ती हातातलं पीठ तसंच ठेवून हसायलाच लागली. म्हणाली, "आवं ताई, तवा मास्तर बसले व्हते की! त्येंच्यापुढं काय सांगू, तुम्हीच पोरीला माघारी धाडलं म्हनून?"

मला एकदम ते दिसलं. पहिल्या दिवशी वाट दाखवायला गुरुजी गाडीवरून आमच्यासोबत आले होते आणि पालथ्या बादलीवर बसून राहिले होते. माझ्या फील्डनोट्समध्ये ते लिहिलेलंही होतं, ट्रान्सक्रिप्टमध्ये मात्र नव्हतं, आणि कोडिंग आम्ही ट्रान्सक्रिप्टवर केलं.

मग तिने सगळं सांगितलं. टोळी पहाटे चारला फडात जाते, दीड वर्षाचं पोरगं नऊ वर्षांच्या पोरीकडं असतं. पोरगी दोन दिवस भावाला कडेवर घेऊन शाळेत गेली, तिसऱ्या दिवशी शाळेने सांगितलं बाळाला आणायचं नाही. झालं, बंद. बोलता बोलता तिने वर हात केला. कोपीच्या आडव्या बांबूला एक दप्तर टांगलेलं होतं, खताच्या पिशवीत गुंडाळून, सुतळीने बांधून. आत दोन वह्या, आणि इथल्या शाळेत दाखवायला गावाकडच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड, घडीला अजून चुरगळाही नाही. ते गाठोडं मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं, "वर काहीतरी बांधलेलं" अशी नोंदसुद्धा आहे, पण त्याला कोड कोण देणार, ते कुणी बोललेलं वाक्य थोडंच होतं!

परत आल्यावर आम्ही अकराही मुलाखतींवर कोण कोण हजर होतं ते लिहून काढलं. सात ठिकाणी गुरुजी नाहीतर मुकादम होते. अनास्थेचे तुकडे जवळजवळ सगळे या सातमधलेच. मुकादमासमोर तर आणखीनच अवघड, उचल त्याच्याकडून घेतलेली असते. शिक्षकांचं मत आणि आयांचं बोलणं जुळत होतं कारण आयांचं बोलणंच शिक्षकांसमोर झालेलं, म्हणजे दोन साक्षी नव्हत्याच, एकच साक्ष आम्ही दोनदा मोजली होती. आणि कप्पा? तो इतकंच सांगतो की आम्ही दोघींनी एकच चष्मा घातला होता. कोडाची व्याख्या आम्ही दोघींनी मिळून केली, दोघी मास्तरांच्या घरातल्या, "अनास्था" हा शब्द लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकलेला.

तुकडे सोडवून परत बांधले. जुना कोड दोन ठिकाणी फुटला, एक "समोरच्याला द्यायचं उत्तर" आणि दुसरा "शाळेने माघारी पाठवणं". जुनं कोडबुक आम्ही फेकलं नाही, कुठला कोड कधी आणि का मोडला ते तारखेसकट ठेवलं, कारण लिंकन आणि गुबा यांनी 1985 मध्ये विश्वासार्हतेचे जे चार निकष मांडले त्यातल्या दोनांना हाच माग लागतो, बाहेरच्या माणसाला आमच्या पावलांवरून चालत मागे जाता यायला हवं. आणि एक गोष्ट नव्या थीममध्ये बसत नव्हती तीही ठेवली. एक आई होती, मुलाखतीत एकटीच, मी परत गेले तेव्हाही एकटीच, तरी दोन्ही वेळा म्हणाली शाळेचा काही उपयोग नाही, तिचा थोरला दहावी होऊन यंदा तिच्यासोबतच तोडीला आलाय. तिला अनास्था म्हणावं की अनुभव यावर आमचं दोघींचं अजून भांडण चालू आहे.

हे सगळं एका अड्ड्याचं, अकरा घरांचं. दुसरीकडे बाळ आणू देणारी शाळा असेल तर तिथली गोष्ट वेगळी निघेल, म्हणून आम्ही रिपोर्टमध्ये अंतर, वेळा, कोण कुणाकडं पोर ठेवतं असलं बारीकसारीक सगळं घातलं, वाचणाऱ्याने आपल्या गावाशी ताडून बघावं.

सेमिनारला एका सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कप्पा किती?" आम्ही जुना आणि नवा दोन्ही सांगितले, नवा 0.71, थोडा कमीच. सर म्हणाले, "मग आधीचंच बरं होतं की."