डेपोतून कुठेही जा, १८५ युनिट जमा

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो, इलेक्ट्रिक डिलिव्हरी गाड्यांचे रूट काढायचं काम. पायलट एरिया होता भोर, वरंध घाट आणि खाली महाडची बाजू, डेपो एकच. रोज पहाटे एक जॉब चालायचा आणि डेपोपासून नकाशावरच्या प्रत्येक चौकापर्यंत जायला कमीत कमी किती वीज लागेल ते काढून ठेवायचा. सकाळी साडेसातला डेपोच्या सुपरवायझर काकांचा फोन आला, "अहो, हे काय दाखवतंय, महाडला गाडी पोहोचली की बॅटरीत १८५ युनिट जास्त?"

आमच्या गाडीची अख्खी बॅटरीच ३० युनिटची होती.

आधी वाटलं एखादा पत्ता चुकला असेल. पण लॅपटॉप उघडला तर सगळ्याच पत्त्यांना तेच, डेपोपासून दोन किलोमीटरवरच्या दुकानालाही उणे १८५ च्या आसपास. आदल्या संध्याकाळी आम्ही नकाशाचा नवीन डेटा चढवला होता त्यामुळे संशय तिकडेच गेला, पण साधारण दहा हजार एजमध्ये, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या तुकड्यांमध्ये, नेमकं काय बिघडलंय हे डोळ्यांनी कसं शोधणार.

आमचा जॉब बेलमन-फोर्डचा होता, ही सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता शोधायची एक पद्धत, डायक्स्ट्रा दुसरी. बरेच जण विचारायचे की रस्त्यांसाठी डायक्स्ट्रा का नाही, तो तर किती फास्ट. कारण असं की डायक्स्ट्रा एकदा नोड म्हणजे चौक फायनल केला की परत त्याच्याकडे बघत नाही, आणि पुढे उणे खर्चाची एज आली की तिथेच फसतो. आणि आमच्याकडे उणे एज खऱ्याखुऱ्या होत्या. घाट उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते ना, तेच. माणसांसकट १५०० किलोची गाडी एक मीटर वर चढवायला साधारण ४.०८ वॅट-अवर लागतात, उतरताना त्यातले ६० टक्के परत मिळतात असं आम्ही धरलं होतं म्हणजे २.४५, आणि सपाट रस्त्याला किलोमीटरमागे १३० वॅट-अवर. आता घाटातला एक किलोमीटर घ्या ज्यात ६० मीटर उतार आहे. १३० खर्च, १४७ परत, म्हणजे उणे १७. यात चूक काहीच नाही, हे खरंच होतं.

पण त्याच रस्त्याने परत वर या. १३० अधिक २४५, म्हणजे ३७५. खाली जाऊन वर आलात तर एकूण ३५८ खर्च. एक एज उणे असू शकते, पण फिरून त्याच जागी आल्यावर बेरीज उणे येऊच शकत नाही, नाहीतर गोल गोल फिरून फुकट वीज तयार झाली असती.

जॉबचं काम तसं सोपं होतं. डेपोचा खर्च शून्य, बाकी सगळ्यांचा अनंत. मग प्रत्येक एज u ते v घ्यायची आणि बघायचं की u पर्यंतचा खर्च अधिक या एजचा खर्च हा v च्या सध्याच्या खर्चापेक्षा कमी आहे का, असेल तर v चा आकडा खाली आणायचा. सगळ्या एज एकदा बघून झाल्या की एक राउंड. k राउंड झाल्यावर एवढी खात्री असते की जास्तीत जास्त k एजच्या कुठल्याही रस्त्यापेक्षा आपला आकडा मोठा नाही. आमच्याकडे ४,२०० नोड होते, कुठलाच नोड दोनदा न येणाऱ्या रस्त्यात जास्तीत जास्त ४,१९९ एज असणार, म्हणून ४,१९९ राउंड पुरेत. ही पद्धत १९५० च्या दशकातली, फोर्ड १९५६ आणि बेलमन १९५८, आणि त्यात अजूनही काही बदलावं लागत नाही.

आमच्या कोडमध्ये मात्र ४,१९९ राउंड मारून विषय संपवला होता, पुढचा एक राउंड नव्हताच. आणि सगळा खेळ त्या एका राउंडचा आहे! नोड दोनदा न घेणारा कुठलाही रस्ता ४,१९९ राउंडमध्ये हिशोबात येऊन जातो. त्यानंतरही एखादा आकडा खाली येत असेल तर तो नक्की अशा रस्त्याने येतोय ज्यात एखादा नोड परत आलाय, म्हणजे मध्ये एक चक्कर आहे आणि ती चक्कर मारून खर्च कमी होतोय. उणे चक्र. मी तिथल्या तिथे राउंड वाढवला आणि प्रत्येक राउंडला किती आकडे बदलले ते छापायला लावलं:

```python
for r in range(n):          # n-1 नेहमीचे + 1 जादा
    changed = 0
    for u, v, w in edges:
        if d[u] + w < d[v] - 1e-9:
            d[v] = d[u] + w
            p[v] = u
            last = v
            changed += 1
    print(r + 1, changed)
    if changed == 0:
        break
```

ते `1e-9` मुद्दाम आहे, नाहीतर दशांशाच्या बारीक चुकांमुळे एखादं शून्य बेरजेचं चक्र उगाच उणे दिसायचं. आणि शेवटचा `break` महत्त्वाचा. आदल्या दिवशीच्या जुन्या डेटावर हे चालवलं तर बदलांची संख्या आधी वाढली, मग उतरत गेली आणि २११ व्या राउंडला शून्य, जॉब थांबला. नवीन डेटावर संख्या उतरलीच नाही. पाचशेव्या राउंडला, हजाराव्याला, दोन हजाराव्यालासुद्धा प्रत्येक राउंडला हजारो बदल. आणि ४,२०० व्या राउंडला, जिथे एकही बदल व्हायला नको, तिथे नकाशावरचा जवळजवळ प्रत्येक नोड बदलत होता.

इथे मी थोडा वेळ अडकलो. मला वाटलं होतं जादा राउंडमध्ये जे नोड बदलतील तेच गुन्हेगार, पण तसं नसतं, बदललेला नोड चक्रावरच असेल असं नाही, चक्राच्या पुढे कुठेही असू शकतो. चक्र प्रत्येक राउंडला आपला आकडा थोडा थोडा खाली ओढतं आणि ती घसरण शेजारच्यांकडे, मग त्यांच्या शेजाऱ्यांकडे पसरत जाते, चार हजार राउंड मिळाल्यावर अख्खा तालुका त्यात बुडणारच. दोन किलोमीटरवरच्या दुकानाला उणे १८५ युनिट आले ते असे, रूट तिकडे चक्रापर्यंत जाऊन, हजारो चकरा मारून परत येत होता.

मग `p` कामाला आला. प्रत्येक नोडचा शेवटचा आकडा कोणाकडून आला ते त्यात असतं. शेवटी बदललेला कुठलाही नोड घ्यायचा आणि ४,२०० पावलं मागे चालायचं. एवढी पावलं चालल्यावर आपण चक्राच्या आत असतोच, कारण नोडच तेवढे आहेत. तिथून पुढे तोच नोड परत दिसेपर्यंत चालायचं.

```python
x = last
for _ in range(n):
    x = p[x]
cycle = [x]
y = p[x]
while y != x:
    cycle.append(y)
    y = p[y]
```

मी सुरुवात केली तो नोड महाडजवळचा होता, आणि उत्तर आलं वर घाटमाथ्याच्या बाजूला. फक्त दोन नोड. एका ओढ्यावरच्या पुलाची दोन टोकं.

पूल २०० मीटरचा. सपाट, त्यामुळे खर्च २६ वॅट-अवर यायला हवा. आमच्याकडे जाताना उणे २३ आणि येतानाही उणे २३. म्हणजे पुलावर एक ये-जा केली की ४६ वॅट-अवर जमा, आणि हेच चार हजार राउंड, ४६ गुणिले ४,००० म्हणजे १,८४,००० वॅट-अवर, १८४ युनिट. काकांनी फोनवर सांगितलेला आकडा इथेच होता, मला खरंच अंगावर काटा आला.

उणे २३ कुठून आले? उंचीचा डेटा आम्ही अमेरिकन स्पेस शटलच्या रडार मोजणीतून घेतला होता. ती मोजणी फेब्रुवारी २००० मधली, साधारण ३० मीटरची जाळी. आमचा पूल त्यानंतर बांधलेला, त्यामुळे डेटात पूल नव्हताच, खालचा ओढा होता. पुलावरून जाणारी गाडी आमच्या हिशोबात १०० मीटरमध्ये ४० मीटर खोल उतरायची आणि पुढच्या १०० मीटरमध्ये तेवढीच चढायची. पण एवढ्याने चक्र उणे झालं नसतं, २६ अधिक चढाचे १६३ वजा उताराचे ९८, म्हणजे अधिक ९१. चुकीचं, पण उणे नाही. खरं कारण दुसरं होतं. कोणीतरी कधीतरी असा नियम टाकला होता की चढ १२ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर १२ च धरा, डेटा खराब असेल म्हणून. उतारासाठी तो नियम नव्हता. मग चढ झाला १२ मीटरचा, ४९ वॅट-अवर, आणि उतार पूर्ण ४० मीटरचा, ९८ परत. २६ अधिक ४९ वजा ९८, उणे २३.

आमचा ज्युनिअर पोरगा म्हणाला, "दादा, उणे एज आली की शून्य करून टाकू ना, प्रश्नच मिटला." मी त्याला घाटातला तो उणे १७ वाला किलोमीटर दाखवला. ५.३ टक्क्यांपेक्षा जास्त उताराचा प्रत्येक रस्ता खरंच उणे असतो, ते शून्य केले तर महाडकडे उतरणाऱ्या गाड्यांना आपण विनाकारण जास्त चार्ज करून पाठवू. मग तो म्हणाला उतारालाही १२ ची मर्यादा घालू. ऐकायला बरोबर वाटतं, आणि त्या पुलाचं चक्र सुटलंही असतं. पण समजा एक रस्ता १५ टक्के चढाचा आहे आणि त्याच माथ्यावरून खाली येणारा दुसरा लांबचा ८ टक्क्यांचा. चढताना १२ टक्क्यांचेच पैसे दिले आणि उतरताना पूर्ण उंचीचे परत घेतले, म्हणजे मोजमाप पुन्हा हललं, आणि फरक मोठा झाला की मोठ्या चक्राला उणे व्हायची वाट मोकळी. मर्यादा हाच मुळात घोटाळा होता.

शेवटी मर्यादा काढून टाकली. उंची फक्त नोडची धरायची, आणि पूल किंवा बोगदा असेल तर मधली उंची दोन टोकांमध्ये सरळ रेषेत. असं केलं की कुठल्याही चकरेत जेवढं चढलं तेवढंच उतरावं लागतं, परत मिळतात ६० टक्केच, त्यामुळे चक्र उणे होणं शक्यच नाही.

आधी फक्त तो एक पूल दुरुस्त करून पाहिलं होतं तेव्हा पुढच्या रनला दुसरा पूल निघाला, मग तिसरा, कारण मागे चालत गेल्यावर एका वेळी एकच चक्र हाती लागतं. आणि चौथा तर डेपोतून निघालाच नाही, नकाशा जिल्ह्याच्या हद्दीवर कापला होता त्यामुळे एक तुकडा डेपोपासून तुटलेला, तिथले आकडे अनंतच राहायचे आणि अनंतात काहीही मिळवलं तरी अनंत. तो सापडला सगळ्या नोडना शून्यापासून सुरू केल्यावर. रूटसाठी ते आकडे निरुपयोगी, पण डेटा तपासायला तसंच चालवायचं.

दुपारी अडीचला नवीन हिशोबाने जॉब टाकला. २१४ व्या राउंडला बदल शून्य, पुलाची एज २६, महाडचा आकडा अधिक. तेव्हापासून डेटा चढवताना आधी शून्यवाला रन लावतो, जादा राउंडला एकही बदल दिसला तर चक्राचे नोड छापून डेटा परत पाठवायचा, डेपोला तो जाऊच द्यायचा नाही. काकांना फोन करून सांगितलं की आता बघा. ते म्हणाले, "हां, आता गाडी चार्ज करावी लागतीय."