यादीतल्या कुऱ्हाडे बाई आणि फॉर्मातल्या कुऱ्हाडे बाई

"काका, तुम्ही तर ऑफिसात क्लार्क होतात, मग वर्गाची हजेरीची स्क्रिप्ट तुम्ही दुरुस्त केलीत म्हणजे नक्की काय केलंत? कोडिंग तर नातीनेच केलं ना?"

हो, दुरुस्तीचा कोड सगळा मुक्ताने लिहिला, त्यात एकही ओळ माझी नाही. पण नुसता कोड वाचून चूक सापडण्यासारखी नव्हती, ती नावांमध्ये होती, आणि नावं मी जन्मभर वाचलीत. जिल्हा परिषदेत आस्थापनेच्या टेबलावर होतो, मस्टर, सेवापुस्तकं, रजेचे अर्ज हेच काम, त्यामुळे नावांची यादी समोर आली की नजर आपोआप ओळीओळीने खाली जाते.

आमचा वर्ग भरतो वाचनालयाच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, गृहिणी, रिटायर लोक, दोन-तीन दुकानदार, सगळे कॉम्प्युटर शिकायला. दारावर क्यूआर लावलाय, आत येताना फोनवरून तो स्कॅन करायचा, गूगल फॉर्म उघडतो, त्यात आपलं नाव मराठीत टाइप करून पाठवायचं. सोबत कागदावर सही पण होते, ती प्रथा मीच चालू ठेवायला लावली. रात्री स्क्रिप्ट आपोआप चालते, फॉर्ममध्ये आलेलं प्रत्येक नाव यादीत शोधते आणि सापडलं की त्या तारखेच्या रकान्यात ह लिहिते. ७५ टक्के हजेरी असेल तरच सर्टिफिकेट, म्हणून हे महत्त्वाचं.

जूनअखेर यादी निघाली तेव्हा कुऱ्हाडे बाईंची हजेरी शून्य. त्या रोज माझ्या पुढच्या खुर्चीवर बसतात हो! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, सून म्हणाली असेल काहीतरी, वर्गाला जाते म्हणून सांगता आणि कागदावर तर शून्य. ज्या मुलाने स्क्रिप्ट लिहून दिली होती त्याचं म्हणणं बाईंना फॉर्म भरता येत नसेल. मी त्यांचा फोन बघितला, फॉर्म गेल्याचा मेसेज व्यवस्थित होता, आणि फॉर्मच्या शीटमध्ये त्यांच्या नावाच्या ओळी पण होत्या. म्हणजे कागद ऑफिसात पोचलाय, टेबलावर आलाय, फक्त नोंद होत नाहीये.

मला खटकला तो शून्य. खरोखर गैरहजर राहणाऱ्या माणसाची हजेरी अशी नसते, तीन दिवस येतो, मग दांड्या मारतो, मधेच एखाद दिवस उगवतो. शून्य एकतर नाव नोंदवून कधीच न आलेल्याचा असतो, नाहीतर नोंदीतच घोळ असतो. म्हणून मी सगळे शून्यवाले एका कागदावर खालीखाली लिहून काढले: कुऱ्हाडे, बऱ्हाटे, वऱ्हाडकर, कऱ्हाडकर. लिहिताना हातालाच कळलं, चौघांतही तो ऱ्ह आहे, आणि बाकीच्या अख्ख्या यादीत एकाच्याही नावात नाही.

रविवारी मुक्ता आली होती, अकरावीला आहे, जावास्क्रिप्ट शिकतेय. कागद तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "आबा, स्क्रीनवर तर दोन्हीकडे सेम दिसतंय, पण आतून वेगळं असू शकतं, लांबी बघूया." तिने शीटमध्ये दोन्ही नावांसमोर `LEN` लावलं, फक्त आडनावावर. फॉर्ममधल्या कुऱ्हाडे ची लांबी आली ८, यादीतल्या कुऱ्हाडे ची ९. दिसायला काडीचा फरक नाही आणि एक अक्षर जास्त! मग तिने एक ओळ चालवून प्रत्येक अक्षराचा नंबर काढला:

```
फॉर्म : 915 941 931 94d 939 93e 921 947
यादी  : 915 941 930 94d 200d 939 93e 921 947
```

हे मला तिने बोट ठेवून समजावलं आणि इथे मी जरा वेळ थांबतो कारण सगळी गंमत इथेच आहे. `915` म्हणजे क, `941` म्हणजे उकार, इथपर्यंत दोन्ही सारखं. पुढे फॉर्ममध्ये आहे `931`, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, आणि त्याला हलन्त `94d`. यादीत मात्र आहे `930`, आपला नेहमीचा र, त्याला हलन्त, आणि मग `200d`, जे दिसत नाही, त्याची रुंदी शून्य, त्याला जॉइनर म्हणतात, त्याचं काम एवढंच की र चा रफार होऊ न देता ते अर्धं वळण दाखवायचं. ऱ्ह लिहायच्या या दोन्ही पद्धती युनिकोडला मान्य आहेत, पहिली मुख्य, दुसरी जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेली. वाचणाऱ्याला एकच नाव दिसतं, मशीन नंबर बघतं आणि म्हणतं ही दोन वेगळी माणसं.

यादीत दुसरी पद्धत आली कुठून तेही लगेच कळलं. वाचनालयाची मूळ सभासद यादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली, आणि त्या कन्व्हर्टरने प्रत्येक ऱ्ह ला र, हलन्त आणि जॉइनर असं लिहिलं. फोनवरचे कीबोर्ड आमच्याकडे तरी टिंबवाला ऱ देतात.

स्क्रिप्टमध्ये नाव जुळवायची ओळ होती ती अशी:

```
if (naav.trim() === yadi[i][1].trim())
```

`trim` नावाच्या मागचीपुढची स्पेस काढतं, तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे, मधल्या जॉइनरला ते हात लावत नाही. मुक्ताने आधी सरळ उपाय केला, दोन्हीकडून `200d` काढून टाकला. चालवलं, तरी शून्य. मी स्क्रीनवर यादीतलं साफ केलेलं नाव वाचलं तर तिथे कुर्हाडे, ह च्या डोक्यावर रफार! "अगं, हे बघ, जॉइनर काढला आणि नावच बदललं," म्हटलं. ती एकदम हसली, म्हणाली, "आबा, क्रम चुकला, आधी बदलायला हवं, मग काढायला हवं." तिने नॉर्मलायझेशन पण करून बघितलं होतं, ते टिंब वेगळं टाइप केलं असेल तर र आणि टिंब जोडून ऱ करतं, पण र-हलन्त-जॉइनरला ऱ-हलन्त करत नाही, ते आपल्याला स्वतः सांगावं लागतं. शेवटी झालं ते हे:

```
function saaf(s) {
  return String(s).normalize('NFC')
    .replace(/\u0930\u094D\u200D/g, '\u0931\u094D')
    .replace(/[\u200B-\u200D\uFEFF]/g, '')
    .replace(/\s+/g, ' ').trim();
}
```

पहिल्या `replace` मध्ये जुन्या पद्धतीचा अर्धा र नव्या पद्धतीचा होतो, दुसऱ्यात उरलेली न दिसणारी अक्षरं जातात, तिसऱ्यात दोन-दोन स्पेस पडल्या असतील तर एक होते. मग वरच्या ओळीत दोन्ही बाजूंना `trim` च्या जागी `saaf`, म्हणजे `saaf(naav) === saaf(yadi[i][1])`.

यावर माझी एक अट होती आणि ती मी सोडली नाही. हे साफ केलेलं नाव फक्त जुळवण्यापुरतं वापरायचं, शीटमधली मूळ नोंद बदलायची नाही. फॉर्ममध्ये माणसाने जे पाठवलं ते तसंच राहिलं पाहिजे. मस्टरमध्ये आम्ही खाडाखोड करत नसू, दुरुस्ती असेल तर लाल शाईने शेजारी लिहून सही, मूळ अक्षर खाली वाचता आलं पाहिजे, कारण सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं ना.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचत होती. नाव जुळलं नाही तर ती स्क्रिप्ट काय करायची? काहीच नाही! गपचूप पुढच्या नावाकडे. म्हणजे महिनाभर चार माणसांचे फॉर्म येत होते, हरवत होते आणि कुणाला पत्ता नाही. मुक्ताला म्हटलं, आवक रजिस्टरला कागद आला की तो आपल्या शाखेचा नसला तरी नंबर पडतो, मग तो कुठे पाठवायचा ते ठरतं, नंबर न घालता कागद बाजूला ठेवणं हे होऊच शकत नाही. तिने लगेच "तपासा" नावाचं वेगळं शीट केलं, जे नाव यादीत सापडत नाही ते तारखेसकट तिथे जातं, आणि रोज सकाळी चहा घेताना मी ते उघडतो.

मग जूनचे सगळे फॉर्म नव्याने चालवले आणि सह्यांच्या कागदाशी ताळा केला. जूनमध्ये वर्ग झाले १८, कुऱ्हाडे बाईंच्या सह्या १६, स्क्रिप्टने दिले १५. एक कुठे गेला? तपासा शीटमध्ये सापडला, एके दिवशी बाईंचा फोन बंद होता म्हणून शेजारणीच्या फोनवरून फॉर्म भरला आणि शेजारणीने "कुराडे" टाइप केलं. आता हे स्क्रिप्टने आपोआप जुळवावं का? मुक्ता म्हणत होती जवळचं नाव शोधायची सोय करता येते. मी नको म्हटलं, कारण आमच्याच यादीत एक कुराडे यायची शक्यता आहे, आणि एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर पडणं हे शून्य पडण्यापेक्षा वाईट, ते कधी लक्षातच येत नाही. अशी नोंद माणसाने सही बघून हाताने लावायची. ती मी लावली, शेरा लिहिला. बाकी तिघांचा ताळा एका झटक्यात जमला. बाईंना १६ चा आकडा दाखवला तर त्यांनी शीटचा फोटो काढून घेतला, घरी दाखवायला.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात नावाऐवजी अनुक्रमांक घ्या ना, कटकटच नको. घेतला, जुलैपासून फॉर्ममध्ये नंबर आहे. पण नाव काढलेलं नाही. १७ च्या जागी ११ दाबलं गेलं तर नंबरला स्वतःहून काही कळत नाही, तो बिनबोभाट दुसऱ्याला हजर करतो. म्हणून नंबर आणि नाव दोन्ही, `saaf` करून दोन्ही जुळले तरच ह, नाहीतर तपासा.

नवीन बॅचमध्ये ॲगाथा नावाच्या बाई आल्यात, त्यामुळे आता तोच प्रकार ॲ चा. तो कुणी एकसंध अक्षर म्हणून टाइप करतं (`972`), कुणी अ आणि वर चंद्र (`905 945`), काही ठिकाणी त्या दोघांच्या मधे पण जॉइनर. नॉर्मलायझेशन इथेही काही करत नाही. मुक्ताने फोनवरूनच एक ओळ सांगितली, जॉइनर काढायच्या ओळीच्या खाली टाकायची, वर टाकली तर मधला जॉइनर आडवा येतो:

```
.replace(/\u0905\u0945/g, '\u0972')
```

टाकली, आणि वर्गात वेगवेगळ्या कंपनीच्या तीन फोनवर बाईंचं नाव टाइप करून घेतलं, तिन्ही नोंदी जुळल्या. ऑ ला हे लागत नाही, अ ला काना-चंद्र वेगळा देऊन सहसा कुणी टाइप करत नाही, पण केलंच कुणी तर तपासा शीटमध्ये दिसेल.