मीटिंग फक्त पावणेतीन तास, तरी दिवस गेला कुठे?

इकडे युरोपात आल्यावर पहिल्यांदा कळलं की संध्याकाळ ही आपली असते. साडेपाचला ऑफिस रिकामं होतं आणि मला पाळणाघर बंद व्हायच्या आत लेकाला आणायचं असतं. भारतात असताना सगळा दिवस मीटिंगमध्ये गेला तरी रात्री नऊनंतर बसून खरं काम उरकायचे, ती सोय इकडे नाही. त्यामुळे दिवसा जे झालं नाही ते झालंच नाही, आणि तेव्हाच पहिल्यांदा नीट बघावं लागलं की दिवसा नक्की होतं काय.

माझं काम बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर आहे. महिनाअखेरीला कधीमधी एखाद्या ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जायचे, आणि तो बग शोधायचं काम माझ्याकडे होतं. दोन प्रोसेस एकच नोंद एकाच वेळी वाचतात असा संशय होता, म्हणजे कोणती ओळ कधी वाचली, कधी लिहिली, मधे दुसरीने काय केलं हे सगळं डोक्यात एकत्र धरून बसावं लागतं. एवढं सगळं डोक्यात यायला मला वीसेक मिनिटं लागतात, मग कोणी "एक मिनिट आहे का?" म्हटलं की ते सगळं सांडतं आणि परत पहिल्यापासून. असे तीन आठवडे गेले.

मी मॅनेजरला सांगितलं की मीटिंग फार होतायत. तो म्हणाला, नको त्या सोडून दे. चांगलंच उत्तर होतं, पण मी यादी घेऊन बसले तर एकही सोडता येईना, कारण प्रत्येक मीटिंग सुटी बघितली तर गरजेचीच वाटते. मग मी दोन आठवडे एका वहीत नुसती नोंद ठेवली. त्यातला एक मंगळवार देते बघा. साडेनऊला पंधरा मिनिटांचा स्टँडअप, साडेदहाला अर्धा तास, साडेअकराला अर्धा तास, दुपारी दोनला एक तास, चारला अर्धा तास. बेरीज पावणेतीन तास. नऊ ते साडेपाचमधून अर्ध्या तासाचं जेवण वजा केलं तरी सव्वापाच तास उरतात, कोणालाही वाटेल की भरपूर आहेत. पण ते उरले कसे, तर ३०, ४५, ३०, ३०, ६०, ६० आणि ६० मिनिटांचे तुकडे. त्यातली वीस मिनिटं डोकं लागायला गेली की अर्ध्या तासात दहा मिनिटं काम, आणि हे चॅट वाजलं नाही तर. दोन आठवड्यांत सलग दीड तास मला फक्त तीनदा मिळाला होता. खरी अडचण तासांची नव्हतीच, तुकड्यांची होती, आणि मी तक्रार करत होते तासांची.

वहीत अजून एक गोष्ट लिहायचे. कोणी मधेच काही विचारलं की एक रेघ, आणि पुढे हे थांबू शकलं असतं का. एकूण ६१ वेळा झालं. त्यातलं खरंच त्याच तासात लागणारं ९, दुपारपर्यंत चाललं असतं असं ३८, आणि उरलेल्या १४ प्रश्नांची उत्तरं आधीच कुठेतरी लिहिलेली होती. हा हिशोब घेऊन मी परत मॅनेजरकडे गेले, आणि यावेळी तक्रार न करता सरळ मागणी ठेवली: चार आठवडे करून बघू, मंगळवार, बुधवार, गुरुवार सकाळी नऊ ते बारा मला मीटिंग नको आणि चॅट बंद. अर्जंट म्हणजे काय तेही लिहून दिलं. सिस्टिम बंद पडली, ग्राहकाचे पैसे चुकले किंवा कोणाचं रिलीज अडकलं, तर फोन करा, मी उचलणार. बाकी प्रश्न त्या वेळात टीममधला दुसरा कोणीतरी पाळीने घेईल, आणि माझी पाळी असेल त्या दिवशी मी सगळ्यांचे घेईन.

त्याने तीन दिवस मान्य केले नाहीत, आणि त्याचं कारण खरं होतं. आमची अर्धी टीम भारतात आहे. इकडे हिवाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे तिकडे दुपारचा दीड. आमची सकाळ हाच दोघांचा एकत्र वेळ आहे, आणि मी बारापर्यंत दार लावलं तर तिकडच्या मीटिंग साडेचारनंतर सरकणार, म्हणजे माझी शांतता त्यांच्या संध्याकाळीतून कापून घ्यायची. मी त्या बाजूला बरीच वर्षं बसलेली आहे, त्यामुळे हे मला आधीच सुचायला हवं होतं. शेवटी ठरलं मंगळवार आणि गुरुवार, नऊ ते साडेअकरा, स्टँडअप त्या दोन दिवशी लेखी, आणि भारताबरोबरच्या मीटिंग साडेअकरा ते एकमधे. तिकडे हिवाळ्यात चार ते साडेपाच होतात, उन्हाळ्यात तास आधी.

बग तिसऱ्या सकाळी सापडला. नोंद वाचणं आणि तिच्यावर 'पैसे घेतले' अशी खूण करणं यात एक फट होती, दुसरी प्रोसेस तेवढ्यात आत शिरत होती.

पण दुसऱ्याच आठवड्यात एकाने दहा वाजता "फक्त पंधरा मिनिटं" म्हणून मीटिंग टाकली होती आणि मी हो म्हटलं होतं. बघायला गेलं तर पंधराच मिनिटं गेली, पण अडीच तासांचे ६० आणि ७५ असे दोन तुकडे झाले, म्हणजे जुना मंगळवारच परत. तेव्हापासून नियम असा की टळणारच नसेल तर अगदी नऊला किंवा सव्वाअकराला घ्या, मधे नको. कॅलेंडरमधे फोकस टाइम टाकला की येणारी मीटिंग आपोआप नाकारता येते, ते सेटिंगही चालू केलं, कारण माणसाला तोंडावर नाही म्हणणं मला जड जातं.

मग पाळीवरची एक सहकारी म्हणाली, तुझ्या सकाळी माझ्या डोक्यावर येतात. बरोबरच होतं तिचं. तिलाही सोमवार आणि बुधवार दिले, आता टीममधे प्रत्येकाच्या दोन सकाळी आहेत.

याच सुमारास मला लेस्ली पर्लो या संशोधिकेचं काम वाचायला मिळालं, १९९९ साली छापलेलं. तिने एका कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांबरोबर हेच करून बघितलं होतं, ठरलेल्या वेळात कोणी कोणाला हाक मारायची नाही. उपयोग झाला, पण ती निघून गेल्यावर ते टिकलं नाही, कारण शाबासकी अजूनही आग विझवायला धावणाऱ्यालाच मिळत होती. हे वाचून मी आमच्याकडच्या मागच्या सहा महिन्यांच्या कौतुकाच्या मेल उघडून बघितल्या, तर जवळजवळ सगळ्या "लगेच उत्तर दिलंस" यासाठीच होत्या. दोनदा कापलेले पैसे थांबले त्याची एकही मेल नव्हती. मॅनेजरला त्या दाखवल्या आणि विचारलं की वर्षाच्या रिव्ह्यूमधे उत्तराचा वेग मोजणार असाल तर माझ्या दोन सकाळींचं काय. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, लिहून दे मला, पुढच्या रिव्ह्यूआधी निकष बदलू.

लिहून दिलंय. रिव्ह्यू मार्चमधे आहे.