सुदाम्याचे पोहे, झोपेच्या चालीत

आज नौपाड्यातल्या बालवर्गासाठी सुदाम्याची अंगाई लिहून झाली. कच्च्या खर्ड्यात ओळ होती, ‘मैत्रीमध्ये वाटून खा’. अक्षरं बरोब्बर आठ, पण गाताना ती तंबी वाटते, आणि तंबी ऐकून कुठलं पोर झोपतं? उपदेश काढून चित्र ठेवलं:

पुरचुंडी सोडी कान्हा
पोहे कसे गोड बाई

इथेही आधी ‘मूठभर पोहे गोड’ असं होतं. पण शेवटचं ‘ड’ आखूड, त्यावर सूर टेकत नाही. ‘बाई’तला ‘ई’ हवा तितका लांबवता येतो. ओळ दीर्घ स्वरावर संपली की झोकाही तिथेच वळतो. ताल दादरा, संथ. चाल सा ते प एवढीच, म्हणजे आजीलाही दम न लागता गाता येते.

सोन्याचा वाडा मात्र मुद्दाम गाळला. तो आला की तीन वर्षांचं मूल हिशेब मांडतं: पोहे दिले, वाडा मिळाला! कडवी चारच: चालत येणं, दारातली मिठी, पुरचुंडी, आणि शेवटी दोघं मित्र झोपतात. हे शेवटचं म्हणजे अंगाईची सोय. त्यात नवा शब्द एकही नाही, फक्त ‘जो जो’ हळू होत जातं.