छाती आणि स्टिअरिंग यांच्यात फूटपट्टी

तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, माझी उंची कमी. सीट पुढे ओढून बसले की बॉनेट नीट दिसतं. एअरबॅग तर आहेच गाडीत, मग जवळ बसलं तर काय बिघडलं?"

बिघडतं ते एअरबॅगमुळेच. बहुतेकांना वाटतं, ती हळूच फुगून छातीला टेकणारी उशी आहे. प्रत्यक्षात स्टिअरिंगच्या मधोमध एक छोटा स्फोट होतो. सेन्सरला धडक कळली की डब्यातलं रसायन पेटतं, त्याचा गॅस घडी घातलेल्या पिशवीत घुसतो आणि हॉर्नचं झाकण फाडून ती ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर येते. धडकेपासून पूर्ण फुगेपर्यंत सगळं साधारण ५० मिलिसेकंदांत उरकतं. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. फुगल्याबरोबर ती मागच्या भोकांतून गॅस सोडू लागते, म्हणूनच माणूस तिच्यात रुततो, आपटत नाही. पण हे सगळं तुम्ही पोचायच्या आधी ती फुगलेली असेल तर. तुम्ही आधीच तिथे असाल, तर उलगडती पिशवी थेट बरगड्यांवर किंवा हनुवटीवर बसते. झाकणापासूनचे पहिले ५ ते ८ सेंटिमीटर सगळ्यात वाईट.

इथे सीटबेल्टचा प्रीटेन्शनर कामाला येतो. पट्ट्याच्या रिळाशी त्याचीही बारुदी नळी असते. ती एअरबॅग फुगायच्या आधीच उडते आणि काही सेंटिमीटर पट्टा झटक्यात आत ओढून तुम्हाला पाठीला टेकवते. मग छातीवर ताण फार वाढला, तर लोड लिमिटर पट्टा थोडा सैल सोडतो. हिवाळ्यात जाड जॅकेटवरून बेल्ट लावला, की ओढलेल्या पट्ट्यातला बराचसा भाग ढिलाई काढण्यातच जातो. आणि बेल्टच नसेल, तर ब्रेक दाबल्या क्षणी तुम्ही पुढे झुकलेले असता. (बीप बंद करायला रिकामी क्लिप खोचणाऱ्यांना मी शिकवत नाही.)

एका विद्यार्थिनीच्या छातीच्या हाडापासून हॉर्नच्या मध्यापर्यंत मी शाळेची फूटपट्टी धरली. अंतर भरलं १४ सेंटिमीटर. किमान २५ हवं. आम्ही सीट दोन खाचा मागे घेतली, पाठ किंचित कलती केली, सीटची उंची वाढवली आणि स्टिअरिंग खाली करून त्याचं तोंड चेहऱ्याऐवजी छातीकडे वळवलं. ती घरून जाड उशी आणणार होती. मी नको म्हणालो, कारण उशी सरकली की माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि पट्टा कमरेच्या हाडावरून पोटावर चढतो. क्लच पूर्ण दाबून पाहिला, पाय पोचत होता. पुन्हा मोजलं तर २६.

"पण सर, आता बॉनेट दिसत नाही."

मी म्हणालो, मी पावणेसहा फुटांचा आहे, या गाडीत मलाही दिसत नाही.