उत्पन्नाचा दाखला काढताना मजुरी आणि आंब्याचा हिशोब कसा लावला - माझा अनुभव

आमच्याकडे देवगड साईडला बऱ्याच घरांत कोणालाच ठराविक पगार नसतो, त्यामुळे स्कॉलरशिपच्या फॉर्मवर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न लिहायची वेळ आली की सगळे अडतात. मी बीफार्मला आहे, अॅडमिशन कॅपमधून झालं आणि महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. त्याची मर्यादा 8 लाख आहे आणि आम्ही तिच्या खूप खाली हे उघडच होतं, पण तोच दाखला पुढे वसतिगृह भत्त्याला आणि इतर ठिकाणीही लावावा लागतो, म्हणून आकडा नीट काढायचा असं मी ठरवलं. ते कसं केलं ते सविस्तर लिहितो कारण शोधताना मला सगळीकडे फक्त कागदपत्रांची यादी मिळाली, हिशोब कसा मांडायचा हे कुठेच सापडलं नाही.

आमच्या घरात कमाई तीन ठिकाणून येते. बाबा मजुरी करतात, म्हणजे दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागेत फवारणी आणि काढणी, पावसात लावणी, दिवाळीनंतर चिरेखाणीवर. आई काजू फॅक्टरीत सोलणीला जाते, तिथे किलोवर पैसे मिळतात. आणि घरची 15 हापूसची कलमं आहेत. भात होतं ते घरी खाण्यापुरतंच, विकत नाही.

सेतूमध्ये अर्ज भरून घेणाऱ्याने पहिल्यांदा बाबांना विचारलं मजुरी किती, बाबा म्हणाले 600, तर त्याने सरळ 600 गुणिले 30 गुणिले 12 करून 2 लाख 16 हजार काढले. बाबा तिथेच म्हणाले, "अरे पावसात चार महिने अर्धो येळ घरी बसान आसतय, ता कोण धरतलो?" मग तो म्हणाला बरं 48 हजार टाकूया, सगळे तेवढेच टाकतात, कोण बघत नाही. मला दोन्ही पटले नाहीत. पहिल्या आकड्यात पाऊस धरलेला नाही आणि दुसरा तर नुसताच ठोकून दिलेला. स्वयंघोषणापत्रावर सही बाबांची असते, माहिती खोटी निघाली तर कारवाईला पात्र राहीन असं त्याच कागदावर छापलेलं असतं, तिसऱ्याच माणसाने सुचवलेल्या आकड्यासाठी बाबांनी ते का डोक्यावर घ्यावं. म्हणून अर्ज तिथेच थांबवला आणि घरी येऊन हिशोबाला बसलो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वर्ष कुठलं. दाखला आर्थिक वर्षाचा असतो, 1 एप्रिल ते 31 मार्च. 2025-26 च्या फॉर्मला मला 2024-25 चं उत्पन्न दाखवायचं होतं, म्हणजे 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025. आता आपल्या आंब्याचा सीझन मार्च ते मे, बरोबर या रेषेवर बसतो. बाबांचं म्हणणं, "यंदा आंबोच नाय लागलो, मग कसला उत्पन्न?" ते खरंच होतं, 2025 च्या एप्रिल-मे मध्ये आमच्या कलमांवर जवळजवळ काहीच नव्हतं. पण तो आंबा या वर्षात येतच नाही, तो पुढच्या वर्षाच्या हिशोबात जाईल. आपल्या वर्षात येतो तो 2024 च्या एप्रिल-मे चा आंबा आणि तेव्हा बऱ्यापैकी झाला होता. मच्छीमारांचंही असंच, बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे त्यांचा सीझन ऑगस्टला सुरू होऊन मे मध्ये संपतो, पण दाखल्यासाठी आधीच्या सीझनचे एप्रिल-मे आणि नव्या सीझनचे ऑगस्ट ते मार्च असं जोडावं लागतं. 'यंदा' असं डोक्यात धरून आकडा सांगितला की तो चुकीच्या वर्षाचा होतो, आणि कधी आपल्याला फायद्याचा तर कधी तोट्याचा.

मग बाबांची मजुरी. महिन्याचा अॅव्हरेज काढायचाच नाही, कामाच्या हंगामाप्रमाणे दिवस मोजायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई खाडे मांडते ते होतं, आणि बागायतदाराकडे हजेरीची वही असते ती बाबांनी मागून आणली. एप्रिल-मे 2024 काढणीचे 50 दिवस 600 ने 30,000 झाले. जून-जुलै लावणीचे 20 दिवस, तेव्हा मजुरी 500, म्हणजे 10,000. ऑगस्ट-सप्टेंबर दोन्ही मिळून जेमतेम 12 दिवस गवत काढायला गेले, 6,000. ऑक्टोबरात भातकापणी 12 दिवस, 6,000. नोव्हेंबर-डिसेंबर चिरेखाण 36 दिवस 600 ने 21,600. आणि जानेवारी ते मार्च फवारणी आणि बागेतली कामं 45 दिवस, 27,000. सगळं मिळून 1,00,600. सेतूवाल्याच्या 2 लाख 16 हजाराच्या निम्म्याहून कमी.

इथे उचल नीट बघावी लागते. गणपतीच्या आधी बाबांनी बागायतदाराकडून 10,000 उचल घेतली होती, ती पासबुकात ऑगस्टमध्ये जमा दिसते. नंतर जानेवारी-फेब्रुवारीच्या मजुरीतून ती कापून घेतली गेली. आपण जर दिवसांवरून पूर्ण मजुरी धरली तर उचल त्यातच आली, ती परत वेगळी मिळवली तर तेच पैसे दोनदा मोजले जातात. आणि नुसतं पासबुक बघून बेरीज करायला गेलो तर बचत गटाचं कर्ज जमा झालेलं असतं तेही उत्पन्नासारखंच दिसतं, कर्ज म्हणजे कमाई नव्हे. त्यामुळे पासबुक फक्त पडताळायला वापरलं, बेरीज हजेरीवरून केली. आईचं सोपं होतं. ती म्हणाली, "माझ्या वहीत सगळा आसा", आणि खरंच दर आठवड्याचे किलो आणि पैसे लिहिलेले होते, वर्षाचे 38,400.

आंब्यात थोडा विचार करावा लागला. 2024 ला 42 पेट्या वाशीला गेल्या होत्या. दलालाची पट्टी येते त्यात गाडीभाडं, हमाली, दलाली कापूनच रक्कम असते, त्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज 52,000. पण हे काही हातात राहिलेलं उत्पन्न नव्हे, त्यातून औषधं, खत, खोके, फवारणीचं पेट्रोल जायचं असतं. आता गंमत अशी की एप्रिल 2024 च्या आंब्याची फवारणी झाली होती नोव्हेंबर 2023 पासून, म्हणजे आधीच्या वर्षात, आणि आपल्या वर्षातली फवारणी झाली ती 2025 च्या आंब्यासाठी, जो लागलाच नाही. मी तलाठ्यांना सरळ विचारलं की कुठला खर्च वजा करू. ते म्हणाले ज्या वर्षाचं उत्पन्न सांगताय त्याच वर्षात केलेला खर्च धरा, बिलं असतील तर आणा. औषधाच्या दुकानाची बिलं होती, 26,000 झाले. म्हणून आंब्याचे निव्वळ 26,000. एकूण 1,00,600 अधिक 38,400 अधिक 26,000, म्हणजे 1,65,000.

एवढं करूनही अडकलं ते सातबाऱ्यावर, आणि हे कोकणात खूप जणांचं होणार म्हणून लिहितो. आमचा सातबारा सामाईक आहे, पणजोबांपासूनची नावं, चुलत घरांची नावं, वाटणी सगळी तोंडी. पीक पाहणीत अख्ख्या गटावर आंबा लागलेला दिसतो. तलाठी म्हणाले एवढ्या क्षेत्रावर आंबा आहे आणि तुम्ही 26 हजार कसे सांगता. त्यांचं चूक नव्हतं, कागदावर तसंच दिसतं. कागदावरून हे कळायला मार्गच नाही की त्या गटातली 15 कलमं आमची आणि बाकीची चुलत काकांची. शेवटी बाबांचा जबाब झाला, त्यात आमच्या ताब्यात किती कलमं, कुठल्या बाजूची, बाकी कोणाकडे हे सगळं लिहिलं, आणि सामाईक खातेदारांपैकी दोन काका स्वतः आले आणि वहिवाट अशीच आहे म्हणून सह्या केल्या. शेजारच्या वाडीतले दोन पंच. काकांना आधी नीट समजावून सांगावं लागलं की ही वाटणीची सही नव्हे, जमिनीच्या हक्काला याने काही होत नाही, फक्त फळ कोण घेतं एवढंच आहे. आमच्याकडे जमिनीच्या कागदावर सही म्हटली की माणसं बिचकतात, आणि बिचकणारच, त्यामुळे मजकूर त्यांना वाचून दाखवूनच सही घ्यावी. तलाठ्यांनाही पट्ट्या, हजेरीची झेरॉक्स आणि आईच्या वहीची पानं एका कागदावरच्या हिशोबासोबत दिली तेव्हा त्यांनी आकडा बदलला नाही, अहवालात 1,65,000 च आले.

मग आपले सरकार पोर्टलवर आधार, रेशनकार्ड, स्वयंघोषणापत्र आणि तलाठी अहवाल जोडून अर्ज गेला. उत्पन्नाचा दाखला देण्याची मुदत 15 दिवसांची आहे आणि तेवढ्यात तहसीलदारांच्या डिजिटल सहीचा दाखला आला. अर्ज करताना एक वर्षाचा की तीन वर्षांचा असं विचारतात, स्कॉलरशिपला एक वर्षाचा पुरतो, तीन वर्षांचा बहुतेक नॉन क्रीमीलेयर काढणाऱ्यांना लागतो. आणि त्या दोघांची गल्लत करू नका, नॉन क्रीमीलेयरच्या मर्यादेत शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पण उत्पन्नाच्या दाखल्यात शेती, मजुरी सगळंच येतं. माझ्या एका मित्राला ओळखीच्याने शेती धरायचीच नाही असं सांगितलं होतं, ते या नियमावरूनच आलेलं असणार.

महाडीबीटीवर Family Annual Income मध्ये दाखल्यावरचा आकडाच जसाच्या तसा टाकायचा, गोल करायचा नाही, दाखल्याचा नंबर आणि तारीखही बघून टाकायची. आमच्या कॉलेजमध्ये छाननीला बसलेल्या मॅडम दाखला समोर ठेवूनच फॉर्म तपासत होत्या, दोन्हीकडचा आकडा वेगळा दिसला की फॉर्म परत विद्यार्थ्याकडे पाठवत होत्या. माझा पुढे गेला.

हा दाखला 31 मार्च 2026 पर्यंतचा आहे. पुढचा काढताना 2025-26 धरावं लागेल, त्यात 2025 चा न लागलेला आंबा येईल, म्हणजे आकडा 1,65,000 वरून बराच खाली येईल. तेव्हा कोणी विचारलं की एकदम कमी कसा झाला तर दाखवायला म्हणून त्या सीझनच्या सात पेट्यांची पट्टी आणि औषधाची बिलं आत्ताच आईच्या वहीत लावून ठेवली आहेत, आणि बाबांची हजेरी दर महिन्याला त्याच वहीत लिहितोय.